तासाला किती पडला?

गेम घ्यायचा की नाही, याचा निकाल लावायला सध्या एकच गणित पुरतं. किंमत घ्यायची, खेळाच्या तासांनी भागायची, तासाला किती पडला ते बघायचं. कमी पडला तर घ्यायचा, जास्त पडला तर सोडून द्यायचा.

गणित सोपं आहे. उत्तर बहुतेक वेळा चुकतं.

भागाकारात खोट नाही. किंमत खरी असते, ती खात्यातून गेलेली दिसते. घोळ आहे तो खालच्या आकड्यात. हे तास कोणाचे? मोजले कोणी? आणि त्यातले किती तुम्ही खरंच खेळणार आहात?

एवढं विचारायला कोणी थांबत नाही.

मित्रमंडळींत हा हिशेब हमखास सिनेमाच्या तिकिटावरून सुरू होतो. अडीच तासांचा सिनेमा, अडीचशेचं तिकीट, म्हणजे तासाला शंभर रुपये. मग ३००० रुपयांचा ६० तासांचा गेम तासाला ५० रुपयांनाच पडला की! इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पण पाच तासांचा सिनेमा अडीच तासांच्या सिनेमापेक्षा दुप्पट चांगला, असं यांच्यापैकी एक तरी जण म्हणेल का? सिनेमा लांबला की आपण म्हणतो, कात्री लावायला हवी होती.

गेम लांबला की म्हणतो, पैसे वसूल.

दोन खरे गेम घेऊ. पहिला युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड वॅलहॅला’, २०२० सालचा. नवव्या शतकातला व्हायकिंग नॉर्वेतून इंग्लंडात येतो, वस्ती उभारतो, एकेक प्रांत आपल्या बाजूला वळवतो. नुसती मुख्य कथा संपवायची तर साधारण ६० तास. नकाशावरचा प्रत्येक ठिपका पुसायचा हट्ट धरला तर १४० च्या आसपास.

दुसरा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. हाही २०२० चाच, पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते, हातात त्रिशूळ, पाठीशी दुर्गा आणि विष्णू. पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत साधारण पाच तास.

किमती सेलप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतात, म्हणून गोल आकडे धरू. लांब गेम ३००० रुपयांचा, छोटा ६०० चा. प्रचलित गणितानं लांब गेम तासाला ५० रुपयांना पडला. ठिपके पुसणाऱ्याला तर २१ लाच. छोटा पडला १२० ला.

म्हणजे छोटा गेम दुपटीहून महाग. खटला निकाली.

निकाली कसला? साक्षीदार तर तपासायचे आहेत अजून.

हे ६० तास आले कुठून? बहुतेकांचा आधार ‘हाऊ लाँग टू बीट’. खेळणारे तिथे आपापला वेळ नोंदवतात आणि त्यावरून प्रत्येक गेमचे तीन आकडे मिळतात: फक्त मुख्य कथा, कथा आणि जोडीला इतर उद्योग, आणि सगळं शंभर टक्के. काम प्रामाणिक आहे, उपयोगाचंही आहे. पण ‘संपवायला किती वेळ लागला’ हा आकडा कोण देऊ शकतो? ज्यानं संपवला तोच. विसाव्या तासाला कंटाळून उठलेला माणूस या सरासरीत बसतच नाही.

आणि तो माणूस तुम्ही असू शकता.

त्यात तीन आकड्यांतला नेमका कोणता उचलायचा, हेही सोयीनं ठरतं. गेम घ्यायचं मनात पक्कं झालेलं असलं की १४० चा आकडा डोळ्यांत भरतो. आयुष्यात एकही गेम शंभर टक्के न केलेला गडी शंभर टक्क्यांच्या तासांनी भागाकार करतो. उत्तर स्वस्त येतं.

येणारच. दुसऱ्याच्या कष्टांनी भागलं की सगळंच स्वस्त होतं.

आता या तासांच्या आत शिरून बघू. वॅलहॅलाच्या नकाशावर तीन रंगांचे ठिपके असतात. सोनेरी म्हणजे संपत्ती, निळा म्हणजे गूढ प्रसंग, पांढरा म्हणजे जुन्या वस्तू. सोनेरी ठिपक्याकडे जावं तर घराला आतून अडसर. मग घराला चक्कर मारा, खिडकी शोधा, तिच्यातून बाण सोडून अडसर तोडा. पेटीत काय? हत्यार सुधारायला लागणारं धातूचं सामान. पहिल्यांदा गंमत वाटते. पाचव्यांदाही चालतं.

पंचविसाव्यांदा?

पांढऱ्या ठिपक्यांत उडणारे कागद आहेत. एक कागद वाऱ्यावर पळतो, तुम्ही छपरांवरून त्याच्यामागे पळता, पकडला की गोंदणाची एक नक्षी मिळते. लंडनमध्ये तेच, यॉर्कमध्ये तेच. असले तास मोजणीत पुरे धरले जातात. एखाद्या सरदाराशी चटका लावणारा संवाद होतो तो तास आणि कागदामागे पळण्यात गेलेला तास, भागाकारात दोघांचं वजन एकच.

तुमच्या लेखी आहे का एकच?

उलट राजीत भरती नाही. भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबलात तर दुर्गा आणि विष्णू त्या चित्रामागची कथा आपसांत बोलतात. मंडलाच्या आकाराची कोडी आहेत. तुकडे फिरवत चित्र जुळवायचं, आणि जुळत जातं तशी राजी आणि तिच्या भावाची मागची गोष्ट कळत जाते. मधली दृश्यं छायाबाहुल्यांच्या खेळासारखी पडद्यावर हलतात. काही ठिकाणी लढाई अडखळते, काही उड्या फसतात आणि पुन्हा माराव्या लागतात, शेवट तर अर्ध्यात तोडल्यासारखा वाटतो. हे सगळं खरं. पण तेच काम पन्नास वेळा करायला लावून तास वाढवलेले नाहीत.

पाच तासांत पाच तासांचा गेम.

आता नोकरी करणारा एक खेळाडू घ्या. आठवड्याला चार तास मिळतात, तेही घरचे झोपल्यावर. ६० तासांचा गेम त्याला १५ आठवडे पुरेल. १४० तासांचा ३५ आठवडे. गणपतीत सुरू केला तर पुढच्या मे महिन्यात संपेल. तोवर सुरुवातीचं कोण कोणाचा भाऊ होतं आणि कोणत्या बटणानं ढाल उचलायची, हे लक्षात राहणार आहे का?

नाही राहणार. आणि नाही राहिलं की गेम सुटतो.

समजा तो २२ व्या तासाला सुटला. अशा माणसासाठी हे अगदी नेहमीचं. मग ३००० भागिले २२, तासाला १३६ रुपये. त्या २२ तासांतले आठ तास घोडा दौडवण्यात, पेट्या फोडण्यात आणि कागदांमागे गेले असं धरू. राहिले १४. तासाला २१४ रुपये.

५० चे २१४ झाले. किंमत एका पैशानंही वाढलेली नाही.

हीच कात्री छोट्या गेमला लावू. लाड नकोत. फसलेल्या उड्यांपायी अर्धा तास गेला असं धरलं तर उरले साडेचार तास. ६०० भागिले साडेचार, तासाला १३३ रुपये. सुरुवातीला १२० होते.

दुपटीहून महाग ठरलेला गेम स्वस्त ठरला. आरोपीच बदलला.

इथे एकजण हमखास म्हणणार, हे तर मनाचे आकडे! २२ तुमचे, आठ तुमचे. बरोबर. तुमचे वेगळे येतील, यायलाच हवेत. एखाद्याला निवांत घोडा दौडवत इंग्लंड बघण्यातच सुख वाटतं. नदीवर धुकं आहे, लांब जुन्या रोमन भिंती दिसताहेत, दिवसभराचा ताण उतरतोय. त्याचे ते आठ तास कापायचा मला काय अधिकार? त्यानं कापू नयेत.

मात्र ६० हा आकडा तुमचा, हे कोणी ठरवलं?

स्वतःचा आकडा सापडतो, आणि त्याला ज्योतिषी लागत नाही. स्टीमच्या लायब्ररीत प्रत्येक गेमपुढे तुम्ही किती तास खेळलात ते लिहिलेलं असतं. मागचे चार-पाच लांब गेम काढा. कुठे सुटलात ते बघा. एक १८ ला, एक २५ ला, एक ११ ला, असं दिसलं तर पुढचा लांब गेमही तुम्ही विशीच्या आसपासच सोडणार. खिडकी उघडी ठेवून जेवायला गेलेला वेळही त्यात मोजला जातो, तेव्हा आकडा थोडा खालीच धरा.

जाहिरात सांगते गेम किती लांब आहे. लायब्ररी सांगते तुमचा दम किती आहे.

दुसरी खूण अचिव्हमेंटची. स्टीमवर गेमच्या प्रत्येक अचिव्हमेंटपुढे ती किती टक्के खेळाडूंनी मिळवली ते उघड दिसतं. कथेच्या सुरुवातीची एक शोधा, मधली एक, शेवटची एक. टक्के कुठे धाडकन पडतात ते बघा. सुरुवातीच्या प्रकरणापर्यंत भरपूर माणसं आणि मध्यापर्यंत मूठभर, तर गळती नक्की कुठे लागते ते तुमच्यासमोर आहे. कोणत्याही अचिव्हमेंटच्या नावात कथेचा शेवट फुटू शकतो, एवढं जपा.

हजार समीक्षा वाचण्यापेक्षा हे दोन मिनिटांत होतं.

तरी विकत घेण्याआधी रटाळ भाग कापून उरणारे चांगले तास अंदाजानंच धरायचे, मग अंदाज चुकला तर? म्हणून गणित उलटं करा. आधी ठरवा, तासाला मी किती देईन. कोणाचा दर ५०, कोणाचा २००. आपण १३० धरू. आता किंमत या दरानं भागा. उत्तर येईल ते तास. तेवढे चांगले तास या गेमनं दिले की हिशेब मिटला.

३००० चा गेम, दर १३०. लागतील २३ चांगले तास. ६०० चा गेम, त्याच दरानं. लागतील साडेचारहून थोडेसेच जास्त.

आता प्रश्न सोपा झाला. ‘हा गेम किती तासांचा आहे?’ हे तुम्हाला सांगता येत नव्हतं. ‘या गेमचे २३ तास मी मनापासून खेळेन का?’ हे मात्र सांगता येतं. लायब्ररीत विशी न ओलांडणाऱ्यानं तर लगेच सांगावं.

उत्तर ‘नाही’ आलं, तर गेम वाईट नाही. किंमत वाईट आहे.

आणि किंमत हलते. मोठ्या कंपन्यांचे लांब गेम वर्ष-दोन वर्षांत सेलमध्ये निम्म्यावर, पुढे पाव किमतीवरही येतात. ३००० चा ७५० ला आला की आपल्या १३० च्या दरानं त्यानं सहाहून कमी चांगले तास दिले तरी पुरे. आपल्या नोकरदाराचे १४ तास धरले तर तो तासाला ५४ रुपयांना पडतो. छोटा गेम सेलमध्ये निम्म्यावर आला तरी तासाला ६७ ला. म्हणजे लांब गेम जिंकला.

जिंकू दे की. लांबीशी माझं वैर नाही. न खेळलेल्या तासांचे पैसे देण्याशी आहे.

तेव्हा तासाचा दर उतरवायचे दोन रस्ते. एक, जास्त तास खेळायचं. दोन, कमी पैसे द्यायचे. पहिल्यात तुमचा वेळ जातो, दुसऱ्यात फक्त उतावीळपणा. तरी बहुतेक जण पहिला धरतात! गेम आला त्या दिवशी पूर्ण किमतीला घेतात आणि पुढचे चार महिने तो दर खाली यावा म्हणून खेळत बसतात.

या गणिताचा सगळ्यात वाईट परिणाम तो हाच.

‘तीन हजार घातलेत, संपवायलाच हवा.’ ऐकलंय ना? कंटाळा आलाय, कथा कळेनाशी झालीय, पण प्रत्येक जादा तासागणिक दर उतरतोय. २२ तासांना १३६ होता, ३० तासांना १०० झाला, ४० ला ७५. कागदावर फायदाच फायदा. पण ते ३००० तर पहिल्याच दिवशी गेले. ते २२ व्या तासाला उठून परत येणार नाहीत आणि ४० व्या तासालाही येणार नाहीत. आता खर्च होताहेत ते फक्त तुमच्या रात्रीचे तास.

कंटाळत खेळलेला तास दर उतरवत नाही. बिल वाढवतो.

लांबीला मान मिळतो हे कंपन्यांना कळणार नाही? जानेवारी २०२२ मध्ये टेकलँडनं ‘डाइंग लाइट २’ची जाहिरात करताना सांगितलं, गेम पूर्णपणे संपवायला निदान ५०० तास लागतील. वॉर्साहून माद्रिदला चालत जायला लागेल जवळजवळ तेवढा वेळ, असंही वर जोडलं. लोक खूश होतील अशी अपेक्षा असावी. लोक भडकले. कामधंदा असलेल्यांनी विचारलं, एवढा वेळ आणायचा कुठून? मग खुलासा आला: मुख्य कथा सुमारे २० तास, कथा आणि साइड क्वेस्ट मिळून ८० च्या आसपास, ५०० हे अगदी सगळंच करणाऱ्यांसाठी.

२० चा गेम ५०० चा म्हणून का सांगावासा वाटला? कारण आपण भागाकार करतो, आणि त्यांना तो माहीत आहे.

याहून बोलकं उदाहरण युबिसॉफ्टचंच. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ऑडिसी’मध्ये अनुभवाचे गुण कायमचे जास्त वेगानं मिळवून देणारी सोय वेगळे पैसे मोजून घेता येत होती. म्हणजे पूर्ण किंमत देऊन भलामोठा गेम घ्यायचा, आणि त्यातली रखडपट्टी कमी व्हावी म्हणून पुन्हा पैसे द्यायचे. आता करा भागाकार. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, तासाचा दर चढला. आपल्या लाडक्या गणितानं हा शुद्ध तोटा.

तरी लोक घेतात. कारण ते तास नकोच असतात.

जे तास चुकवायला माणूस खिशातून पैसे काढतो, त्या तासांना ‘मूल्य’ म्हणून भागाकारात बसवायचं कशाला? माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची कसोटी एवढीच. ‘हा तास वगळायचं बटण असतं तर मी दाबलं असतं का?’ दाबलं असतं, तर तो तास खालच्या आकड्यातून कापा. नसतं दाबलं, तर ठेवा.

मग तो कागदामागे पळण्याचा असला तरी ठेवा.

छोट्या गेमवाल्यांना या गणितानं जी झळ बसते ती तर थेट पोटाला. स्टीमचा रिफंडचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. चांगला नियम. पण गेमच दीड तासाचा असेल तर? २०२१ मध्ये ‘समर ऑफ फिफ्टी-एट’ या छोट्या भयगेमच्या निर्मात्यानं, एमिका गेम्सनं, हेच जाहीर केलं. लोक गेम पूर्ण खेळतात, चांगलं मत नोंदवतात आणि पैसे परत घेतात. दोन तासांच्या आत संपतो ना! आपण गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवतोय, असं त्यांनी सांगून टाकलं.

आवडला, संपवला, परत केला. यात ‘मूल्य’ शब्द कुठे बसतो ते सांगा.

आणि दीर्घ गेमला हाच नियम उलटा पावतो. वॅलहॅलात इंग्लंडचा किनारा लागायलाच काही तास जातात. आधी नॉर्वेची लांबलचक प्रस्तावना. म्हणजे खरा गेम सुरू होईपर्यंत रिफंडची मुदत उलटून गेलेली. परत करता येतो तो अख्खा संपलेला छोटा गेम, आणि गळ्यात राहतो तो न आवडलेला मोठा.

नियम एकच. लांबीनं त्याची बाजू बदलली.

मग हे गणित टाकूनच द्यायचं का? मुळीच नाही. वसतिगृहातला विद्यार्थी घ्या. वर्षाला एखाद-दुसरा गेम परवडतो आणि दिवाळीची अख्खी सुट्टी रिकामी आहे. त्याच्याकडे वेळ भरपूर, पैसा तुटपुंजा. त्यानं तासाचा दर बघितलाच पाहिजे. ‘द विचर ३’ सारखा, मुख्य कथेलाच पन्नासेक तास घेणारा आणि साइड क्वेस्टमध्येही जीव ओतलेला गेम सेलमध्ये मिळाला, तर त्याच्यासाठी त्याहून शहाणी खरेदी विरळा. तिथे मारे अडीच तासांच्या कलाकृतीचे गोडवे गाऊन त्याला गप्प करणं हा आगाऊपणा झाला.

त्याचा भागाकार बरोबर आहे, कारण तास त्याचे आहेत.

तीस-पस्तिशीतल्या पगारदाराचं उलटं. त्याला पाचशे-हजार जड नाहीत, आठवड्याचे चार तास जड आहेत. त्यानं रुपये-तास मोजण्याआधी आठवडे मोजावेत. हा गेम माझे किती आठवडे घेणार आणि तेवढ्यात मी दुसरं काय खेळलो असतो? १५ आठवड्यांच्या एका गेमच्या जागी राजीएवढे १२ गेम बसतात. बाराच्या बारा आवडणार नाहीत, मान्य. पण न आवडलेला पाच तासांत संपतो.

न आवडलेला साठ तासांचा गेम संपतच नाही, नुसता डोक्यावर बसून राहतो.

काही ठिकाणी हा भागाकार चालतच नाही, तेही सांगून टाकू. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे गेम, बुद्धिबळासारखे अंत नसलेले गेम, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे गेम. यांचे तास आधी सांगता येत नाहीत. आणि फुकट गेम? शून्याला कितीही तासांनी भागा, शून्यच. या मापानं फुकट गेमच जगात सर्वश्रेष्ठ ठरतो, मग आत पोशाखांची आणि पेट्यांची दुकानं मांडलेली असोत. तिथे उत्तर शून्य येतं, याचा अर्थ खर्च शून्य आहे असा नाही. महिनाअखेरीचं यूपीआयचं खातं उघडून बघा.

माप जिथे सगळ्यात सुंदर उत्तर देतं, तिथेच सगळ्यात निरुपयोगी ठरतं.

आणि एक आकडा या भागाकारात कोणी धरतच नाही: माणसं. ‘इट टेक्स टू’ हा २०२१ चा गेम दोघांनीच खेळायचा असतो, आणि एकानं विकत घेतला की दुसऱ्याला सोबत ऑनलाइन फुकट खेळता येतं. दहा-बारा तासांचा गेम, पण दोन माणसांचे तास. किंमत एकाचीच. नवरा-बायको, बहीण-भाऊ, पुण्यातला आणि सिंगापुरातला मित्र मिळून खेळत असतील तर दर सरळ निम्मा.

लांबी न वाढवता गेम स्वस्त झाला. जमतं, मनात आणलं तर.

उद्योगालाही हे अधूनमधून सुचतं. वॅलहॅलाच्या तीन वर्षांनंतर, २०२३ मध्ये, युबिसॉफ्टनं ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ काढला. बगदादपुरता आटोपशीर, मुख्य कथा पंधरा-सोळा तासांची, आणि किंमत त्या वेळच्या मोठ्या गेमांच्या ७० डॉलरऐवजी ५० डॉलर. त्याआधी २०२० मध्येच प्लेस्टेशनच्या गेम स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनी बोलून दाखवलं होतं, की १२ ते १५ तासांचे गेम परत आले तर आपल्याला आवडेल. लांबीबरोबर बनवण्याचा खर्चही फुगतो, हा त्यांचा मुद्दा होता. भरतीचे तास फुकट तयार होत नाहीत. त्यांचेही पगार जातात.

आणि ते पगार जातात तुमच्याच ३००० मधून.

म्हणून परीक्षण लिहिणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. ‘६० तासांचा भरगच्च अनुभव’ आणि ‘फक्त पाच तासांत आटोपतो’ ही दोन्ही वाक्यं कृपा करून बंद करा. ‘भरगच्च’ आणि ‘फक्त’ या दोन शब्दांत तुम्ही निकाल देऊन मोकळे होता आणि कारण एकही देत नाही. आम्हाला हवं ते वेगळं आहे. गेम तेच तेच करायला कुठल्या तासाला लावतो? विसाव्या की पाचव्या? तेवढं एक लिहा.

भागाकार आमचा आम्ही करू.